कीटकनाशकाच्या पत्रकाचं मराठी करताना प्रमाण आणि इशारे जसेच्या तसे कसे ठेवायचे?

शिवारफेरी

एमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी कपाशीवर मारायचं आहे. पुडीसोबतच्या पत्रकात मराठी भाग आहे, पण अक्षर मुंगीएवढं आणि घडीवर छपाई उडालेली. फवारणी करणाऱ्या दोघांना वाचता येईल असा मोठ्या अक्षरातला एकच कागद करून पंपाच्या खोलीत लावायचा आहे, म्हणून इंग्रजी भागावरून मराठी करायला घेतलं.

पत्रकातली कापसाची ओळ डावीकडून उजवीकडे अशी आहे: कापूस, बोंडअळ्या, सक्रिय घटक ९.५ ते ११ ग्रॅम, फॉर्म्युलेशन १९० ते २२० ग्रॅम, पाणी ५०० लिटर, १० दिवस. वर लिहिलंय की सगळं हेक्टरी आहे.

माझा मसुदा:

"कापूस, गुलाबी बोंडअळी. प्रति हेक्टर औषध ११ ग्रॅम, पाणी ५०० लिटर. फवारणीनंतर १० दिवस थांबावे. फवारणी वाऱ्याच्या दिशेने करावी. काम चालू असताना खाणे, पिणे, धूम्रपान करू नये. विषबाधा झाल्यास औषध घेऊन डॉक्टरकडे जावे."

काही चुकतंय का?

पाठपंप

हेक्टरला ११ ग्रॅम? चिमूटभर औषधात अडीच एकर कसं होईल! ते पंपाला ११ ग्रॅम असणार. दुकानातही पंपाला १० ग्रॅमच सांगतात. कागदावर पंपाचं लिहा, हेक्टर कोणी वाचत नाही.

कोरडवाहू

पाठपंप, संशय बरोबर, निष्कर्ष चुकला.

११ ग्रॅम हा सक्रिय घटक आहे, म्हणजे पुडीतल्या दाण्यांमध्ये असलेलं खरं विष. पुडीतून मोजून घ्यायचं ते शेजारच्या रकान्यातलं, १९० ते २२० ग्रॅम. पत्रकाचं मराठी करताना सगळ्यात जास्त घात इथेच होतो, कारण दोन्ही रकाने ग्रॅममध्येच असतात आणि सक्रिय घटकाचा रकाना आधी येतो.

पडताळा सोपा आहे. नावापुढे ५ टक्के लिहिलंय. २२० चे ५ टक्के ११, आणि १९० चे ५ टक्के साडेनऊ. दोन्ही जुळले, म्हणजे रकाने ओळखताना आपली चूक झालेली नाही. मसुद्यातला आकडा तसाच गेला असता तर खऱ्या मात्रेचा विसावा भाग फवारला गेला असता. अळी मेली नसती, मग "औषध डुप्लिकेट निघालं" म्हणून दुसरं काहीतरी दुप्पट मारलं असतं.

माझं मत असं की शेतकऱ्याच्या कागदावर सक्रिय घटकाचा रकाना ठेवूच नये. तो पडताळ्यापुरता आपल्याजवळ राहू द्या.

दुसरं, पत्रकात फक्त "बोंडअळ्या" आहे. तुम्ही "गुलाबी" कुठून आणली? नोंदणी ज्या किडीसाठी आहे तीच लिहायची, आपल्या मनाने अरुंदही नको आणि रुंदही नको.

शिवारफेरी

गुलाबी माझ्याच डोक्यातून आली, यंदा तिचीच धास्ती आहे. काढतो. पण १९० लिहू की २२०? दोन आकडे दिसले की माणसं मोठाच धरतात.

कोरडवाहू

दोन्ही लिहा. पत्रकात पल्ला आहे, तर कागदावरही पल्लाच हवा. मधली आडवी रेघ मात्र काढा आणि "ते" हा शब्द घाला. "१९०-२२०" हे घाईत वजाबाकीसारखं दिसतं, आणि ओली बोटं लागून रेघ पुसली की १९०२२० होतं.

भाषांतरी

भाषेच्या बाजूने चार गोष्टी. आकडे कोरडवाहूंनी घेतलेत, मी शब्दांकडे बघते.

"फवारणीनंतर १० दिवस थांबावे." कशासाठी थांबावे? वाचणारा तीन अर्थ काढू शकतो: १० दिवस शेतात जायचं नाही, १० दिवस दुसरी फवारणी नाही, किंवा १० दिवस माल काढायचा नाही. पत्रकातला रकाना शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतच्या दिवसांचा आहे, बाकीच्या दोन गोष्टींबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. तेव्हा सरळ लिहा: "शेवटच्या फवारणीनंतर १० दिवस कापूस वेचू नका." इथे "काढणी"सुद्धा नको. कपाशीला वेचणी असते आणि ती तीन-चारदा होते. "काढणी" वाचून एखादा म्हणेल, अजून पऱ्हाट्या कुठे उपटायच्यात, वेचायला काय हरकत आहे.

"वाऱ्याच्या दिशेने" हा तर जुना सापळा. वारा जिकडे जातो ती वाऱ्याची दिशा, की जिकडून येतो ती? आपण "पश्चिमेचा वारा" म्हणतो तेव्हा तो पश्चिमेकडून आलेला असतो. त्यामुळे निम्मे लोक तोंड वाऱ्याकडे करून उभे राहतील आणि सगळा फवारा अंगावर घेतील. "वारा पाठीवर घेऊन फवारा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका." असं लिहिलं की दिशेचा वादच मिटतो.

आता "औषध". खेड्यात औषध मारणं हाच शब्द आहे आणि मात्रेच्या ओळीत तो चालेल. पण शेवटच्या ओळीत बघा: "औषध घेऊन डॉक्टरकडे जावे." घेऊन म्हणजे हातात घेऊन, की पोटात घेऊन? आणि कोणतं औषध? इशाऱ्याच्या ओळींमध्ये "कीटकनाशक" किंवा "विष" लिहा. ती ओळ अशी: "रिकामी किंवा भरलेली पुडी आणि हे पत्रक सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा."

चौथी गोष्ट नकाराची. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला येतो. "खाणे, पिणे, धूम्रपान करू" इथे ओळ संपली आणि "नये" खालच्या ओळीत गेलं, किंवा कागदाची कड फाटली, तर उरतं ते उलटंच. प्रत्येक मनाई एका ओळीत मावेल एवढीच लिहा. "नका" ठळक करा, आणि ओळीच्या सुरुवातीला फुली काढा. म्हणजे शेपूट तुटलं तरी फुली राहते.

मातीचा माणूस

मलाही प्रमाणाचंच विचारायचंय. १९:१९:१९ च्या पुड्यावर जे प्रमाण दिलंय ते पाण्याशी कसं धरायचं? १९ भाग खत म्हणजे पाणी किती भाग? कपाशीला फवारणीतूनच देणार आहे, या औषधाबरोबर एकाच पंपात.

कोरडवाहू

तो पाण्याशी असलेला हिशोब नाही. ते तीन आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के आहेत. १०० किलोत १९ किलो नत्र, १९ किलो स्फुरद, १९ किलो पालाश, बस. पाण्यात किती टाकायचं ते पुड्यावर वेगळ्या ओळीत, पिकानुसार दिलेलं असतं, ती ओळ शोधा. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीवरचं १८:४६:० सुद्धा तसंच वाचायचं: ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद, पालाश शून्य. त्याचं मराठी करताना टिंबं तशीच ठेवा, "१९ ला १९ ला १९" असं काही करू नका.

एकाच पंपात घालायचं म्हणाल, तर दोन्हींपैकी एकाच्या तरी पत्रकात तसं लिहिलेलं असावं. नसेल तर कागदावर "चालतं" असं आपण लिहू शकत नाही.

मातीचा माणूस

दुकानदार तर सर्रास एकत्र करायला सांगतो.

भाषांतरी

दुकानदार सांगतो ते तोंडी. इथे पत्रकाचं मराठी चाललंय.

पाठपंप

बरं, २२० मान्य. आता माझा हिशोब बघा. अडीच एकराला २२०, म्हणजे एकराला ८८. एकराला पंप लागतात आठ. ८८ भागिले आठ, पंपाला ११ ग्रॅम. आलं की नाही पुन्हा अकराच? मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

कोरडवाहू

योगायोगाने अकरा आलं, पण हे अकरा निराळं आहे. आणि यातच मुद्दा दडलाय, म्हणून सावकाश लिहितो.

पत्रकात दोन आकडे जोडीने आलेत, २२० ग्रॅम आणि ५०० लिटर. भागाकार केला की लिटरला ०.४४ ग्रॅम. तुमचा पंप १५ लिटरचा असेल तर ६.६ ग्रॅम. खालच्या मात्रेने १९० भागिले ५००, म्हणजे लिटरला ०.३८ आणि पंपाला ५.७. पत्रकाप्रमाणे १५ लिटरच्या पंपाला ५.७ ते ६.६ ग्रॅम, अकरा नाही.

आता पाणी. १५ लिटरचे आठ पंप म्हणजे एकराला १२० लिटर, हेक्टरी ३०० च्या आसपास. पत्रक म्हणतं ५००. तुम्ही २०० लिटर पाणी कमी केलंत आणि विष तेवढंच ठेवलंत, म्हणून द्रावण पावणेदोन पटीच्या जवळ दाट झालं. उलट कोणी पंपाला ६.६ च घातलं पण एकर आठच पंपांत उरकलं, तर हेक्टरी १३२ ग्रॅम पडेल. ते १९० च्याही बरंच खाली आहे.

तेव्हा कागदावर नुसतं "पंपाला इतके ग्रॅम" लिहून भागत नाही. एका पंपात किती जमीन भिजली पाहिजे तेही लिहावं लागतं. आपल्या सातबाऱ्याच्या मापात ते सोपं आहे. एक आर आणि एक गुंठा यांत टक्काभराचा फरक, म्हणजे हेक्टर जवळजवळ १०० गुंठे. ५०० लिटर भागिले १००, गुंठ्याला ५ लिटर. १५ लिटरच्या पंपात ३ गुंठे झाले पाहिजेत.

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. ३३ बाय ९९ फुटांचा तुकडा खुंट्या रोवून आखा, पंपात साधं पाणी भरा आणि रोजच्या चालीने फवारा. पंप तुकड्याच्या शेवटी संपला तर चाल बरोबर. पाणी उरलं तर चाल जास्त आहे किंवा नोझल बारीक आहे. तुकडा संपायच्या आत पंप रिकामा झाला तर नोझल झिजलंय किंवा पाय रेंगाळतोय.

पाठपंप

म्हणजे एकराला तेरा-चौदा पंप? पाठ मोडेल माणसाची. मजुरीही दीडपट.

कोरडवाहू

साडेतेरा. पाठ मोडेल हे खरं, आणि लोक पाणी कमी करतात ते त्यापायीच. पण कागदावर पत्रकाचंच यायला हवं.

गोदाकाठ

इथे मला थोडं आडवं बोलायचंय. पात्या-फुलांच्या सुरुवातीला कपाशी गुडघ्याएवढी असते. तिच्यावर गुंठ्याला ५ लिटर पाणी थांबतच नाही, पानावरून ओघळून जमिनीवर जातं. पाणी पिकाच्या वाढीप्रमाणेच घ्यायला हवं, हेक्टरी ग्रॅम तेवढे कायम ठेवून. बऱ्याच पत्रकांत तसं लिहिलेलंही असतं: पाणी ५०० ते १००० लिटर, किंवा पिकाची अवस्था आणि वापरायचं यंत्र पाहून गरजेप्रमाणे.

कोरडवाहू

ते वाक्य बुरशीनाशकांच्या पत्रकांवर बऱ्याचदा दिसतं. ज्या पत्रकात आहे त्याच्या मराठीत ते आलंच पाहिजे. शिवारफेरींच्या ओळीत ते नाही, नुसतं ५०० आहे. नसलेलं वाक्य दुसऱ्या पत्रकावरून उचलून आणायचं नाही.

गोदाकाठ

उचलू नका, मान्य. पण पीक लहान असताना काय करायचं याचं उत्तर पत्रकात नाही, हेही तितकंच खरं. दाट द्रावण अंगावर उडण्याचा धोका मला कळतो. पण जमिनीवर ओघळलेलं विषही कोणाच्या तरी विहिरीत जातंच की.

शिवारफेरी

आमची कपाशी कमरेला आली आहे, त्यामुळे या फेरीला ५ लिटर गुंठा जमेल असं वाटतं. पण ६.६ ग्रॅम मोजायचे कसे? काटा १ ग्रॅमपेक्षा बारीक दाखवत नाही. झाकणाने मोजू का?

कोरडवाहू

झाकण नको. दाणेदार मालाचं झाकण किती ग्रॅमचं भरतं ते हाताच्या ठोकण्यावर जातं.

दहा पंपांचं एकदम मोजा. ६६ ग्रॅम त्या काट्यावर नीट येतात, एखादा ग्रॅम मागेपुढे झाला तरी फरक नगण्य. खालची मात्रा घेणार असाल तर ५७ ग्रॅम. ते बादलीत थोड्या पाण्यात टाकून काठीने पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून बरोबर ५ लिटर करा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ५ लिटर पाणी घेऊन त्यात पुडी टाकायची नाही, सगळं मिळून ५ लिटर झालं पाहिजे. पंपात अर्धं पाणी, त्यावर या बादलीतलं अर्धा लिटर, मग १५ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी. दर वेळी बादली ढवळूनच अर्धा लिटर काढा. द्रावण त्याच दिवशी संपवा, जेवढे पंप मारायचेत तेवढ्यांचंच करा.

हात घालून ढवळायचं नाही, हे कागदावर वेगळ्या ओळीत लिहा. काटा आणि मापाचा मग परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

पंप १६ लिटरचा असेल तर ६.१ ते ७ ग्रॅम, २० लिटरचा असेल तर ७.६ ते ८.८. २०० लिटरच्या ड्रमला एचटीपी पंप लावून मारणार असाल तर ड्रमला ७६ ते ८८. पंपावर किती लिटर लिहिलंय ते बघा. सगळे सगळ्या पंपांना "पंप"च म्हणतात आणि घोळ होतो.

भाषांतरी

आकडे लिहिताना एक सुचवू? "६.६" मधला ठिपका हस्तलिखितात आणि झेरॉक्सवर गळतो. मग ६६ राहतात. आकड्यापुढे अक्षरातही लिहा: "६.६ ग्रॅम, म्हणजे साडेसहाच्या किंचित वर". बादलीची पद्धत असेल तर ठिपक्याचा आकडा कागदावर आणूच नका, "दहा पंपांना ६६ ग्रॅम (सहासष्ट)" एवढंच ठेवा.

आणि देवनागरी १ व ९ जवळून बघा. खराब छपाईत १९० चं ११० किंवा ९९० होतं. मापाच्या भांड्यावर इंग्रजी आकडे असतात, त्यामुळे काही जण पत्रकातही इंग्रजीच आकडे ठेवावेत म्हणतात. माझा कल देवनागरीकडे आहे, पण आकडा आणि अक्षर दोन्ही हवं. कोणाला वेगळं वाटत असेल तर बोला.

पाठपंप

आमच्याकडची पोरं इंग्रजीच आकडे वाचतात, मोबाइलमुळे. म्हाताऱ्यांना मराठी. अक्षरात लिहिलेलं दोघांनाही कळतं.

द्राक्षबाग

पडताळ्याचं वाचून घरातलं इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएलचं पत्रक काढलं. कापसाला १०० मिली, आणि सक्रिय घटक २० ग्रॅम दिलाय. १०० चे १७.८ टक्के १७.८ होतात, २० नाही. १२५ मिलीसमोर २५ आहे, तेही जुळत नाही. पत्रकच चुकीचं छापलंय का?

कोरडवाहू

छपाई बरोबर आहे. १७.८ टक्के हे वजनाचे टक्के आहेत आणि मात्रा दिलीय मिलीलिटरमध्ये. हा द्रव पाण्यापेक्षा जड आहे. १०० मिलीचं वजन ११२ ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि त्याचे १७.८ टक्के २० ग्रॅम होतात. याच मालाला दुसरीकडे लिटरला २०० ग्रॅम असंही म्हणतात, दोन्ही एकच.

पुडीतल्या मालाला ग्रॅमवर ग्रॅम असा पडताळा सरळ बसतो. बाटलीतल्या मालाला थोडा फरक येणारच. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक दिसला तर जडपणाचा असू शकतो. वीस पट फरक दिसला तर रकाना चुकलाय. म्हणूनच मराठी करताना मिलीचे ग्रॅम किंवा ग्रॅमचे मिली कधीही करायचे नाहीत. पत्रकात जे माप आहे तेच.

आणि तिथलाही काढणीचा आकडा बघून घ्या. इमिडाक्लोप्रिडला कापसावर ४० दिवस आहेत आणि टोमॅटोवर ३. पीक बदललं की आकडा बदलतो, एकाचा दुसऱ्याला लावू नका.

द्राक्षबाग

द्राक्षाला ३२ लिहिलेत. आभारी.

निंबोणी

प्रथमोपचाराच्या ओळींकडे अजून कोणी वळलं नाही, म्हणून लिहिते.

पोटात गेल्यास काय करायचं, हे सगळ्या पत्रकांत सारखं नसतं. काहींत घशात बोट घालून उलटी करवा असं असतं, पण बेशुद्ध माणसाला नाही, ही अट जोडून. काहींत उलटी अजिबात करवू नका असं असतं, विशेषतः तेलकट द्रावकातल्या ईसी मालाला, कारण उलटीबरोबर तो द्रावक फुफ्फुसात जाऊ शकतो. त्यामुळे जुन्या कागदावरची प्रथमोपचाराची ओळ नव्या मालाला चिकटवू नका. तुमच्या पत्रकात जे असेल तेच घ्या, आणि अट असेल तर अटही. "उलटी करवा" एवढंच उचललं आणि "बेशुद्ध असल्यास नाही" सोडलं, तर ते भाषांतर माणूस मारू शकतं.

उताऱ्याची ओळ शेतकऱ्यासाठी नसते, डॉक्टरसाठी असते. त्यातलं औषधाचं नाव मराठीत समजावत बसू नका, पत्रकात आहे तसं अक्षर न अक्षर उतरवा. ऑर्गेनोफॉस्फरस गटाच्या पत्रकात ॲट्रोपिन लिहिलेलं असतं. तुमच्या पत्रकात विशिष्ट उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करा असं असेल, तर तेच लिहा. "उतारा नाही" एवढंच लिहिलंत तर वाचणारा घाबरून म्हणेल, मग दवाखान्यात जाऊन उपयोग काय. "यावर ठरावीक उतारा नाही, डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात, लगेच जा" असं पूर्ण लिहा. खाली १०८ टाका.

शिवारफेरी

पत्रकात ठरावीक उतारा नाही असंच आहे. आणि पुडीवरच्या चौकोनाचं काय करू? रंगीत प्रिंट नाही माझ्याकडे.

कोरडवाहू

टोकावर उभा असलेला तो चौकोन. खालच्या अर्ध्याचा रंग नावाने लिहा आणि वरच्या अर्ध्यातला शब्द जसा आहे तसा. लाल आणि पिवळा या दोन्हींत "विष" लिहिलेलं असतं, निळ्यात "धोका", हिरव्यात "सावधान". मराठी करताना लोक धोका आणि सावधान एकमेकांच्या जागी टाकतात किंवा सगळीकडे "सावधान" लिहून मोकळे होतात, तसं करू नका. ते तीन शब्द तीन पायऱ्या आहेत. तुमच्या पुडीवर कोणता आहे तो बघून उतरवा, आम्हाला विचारून नको.

पाठपंप

निळा-हिरवा म्हणजे बिनधोक, असं आमच्याकडे सर्रास म्हणतात.

निंबोणी

निळा म्हणजे "धोका" लिहिलेला रंग आहे हो! हिरव्यावरसुद्धा "सावधान" आहे, "खुशाल" नाही. आणि रंग पुडीतल्या मालाचा आहे. पावणेदोन पट दाट केलेलं द्रावण दिवसभर अंगावर घेतलं तर रंग काय करणार? यवतमाळात २०१७ साली कपाशी फवारणाऱ्यांना विषबाधा झाली, तेव्हा माणसाच्या डोक्यापेक्षा उंच कपाशीत उघड्या अंगाने फवारणी हेही एक कारण पुढे आलं होतं. पत्रकात तोंडाच्या आवरणाचं असेल तर "मास्क" लिहा, "तोंड झाका" नको. तोंड झाका म्हटलं की रुमाल येतो, आणि ओला झालेला रुमाल विष नाकाशी धरून ठेवतो.

शिवारफेरी

आता असं झालंय, बघा:

"एमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी. कापूस, बोंडअळ्या.
हेक्टरी १९० ते २२० ग्रॅम (एकशे नव्वद ते दोनशे वीस), पाणी ५०० लिटर (पाचशे).
१५ लिटरच्या दहा पंपांना ५७ ते ६६ ग्रॅम (सत्तावन्न ते सहासष्ट).
१५ लिटरचा एक पंप ३ गुंठ्यांना.
✗ शेवटच्या फवारणीनंतर १० दिवस (दहा) कापूस वेचू नका.
✗ वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. वारा पाठीवर घ्या.
✗ हाताने ढवळू नका.
✗ काम चालू असताना खाऊ नका, पिऊ नका, विडी-तंबाखू नका.
विष पोटात गेलं किंवा त्रास झाला तर पुडी आणि पत्रक घेऊन लगेच दवाखान्यात जा. ठरावीक उतारा नाही, डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. १०८."

भाषांतरी

छान उतरलंय. दोन दुरुस्त्या. "एक पंप ३ गुंठ्यांना" आणि "दहा पंपांना ५७ ते ६६" या ओळी पत्रकातल्या नाहीत, तुम्ही केलेल्या हिशोबाच्या आहेत. त्यांच्या वर "आमचा हिशोब" असं लिहून वेगळी चौकट करा. उद्या पंप बदलला तर चौकटीतलंच खोडायचं, वरचं नाही. हाताने ढवळू नका ही ओळ पत्रकात आहे का ते बघा, नसेल तर तीही चौकटीत.

निंबोणी

आणि रिकाम्या पुडीचं राहिलं. पत्रकात विल्हेवाटीची ओळ नक्की असेल.

शिवारफेरी

आहे. पुन्हा वापरू नका, फोडून वस्तीपासून लांब पुरा, असं काहीसं. टाकतो. पत्रकाच्या मराठी भागात मात्र "फोडून" दिसत नाही, नुसतं "पुरा" आहे. इंग्रजीत दोन्ही आहेत. कोणतं धरू?

कोरडवाहू

इंग्रजीतलं, दोन्ही गोष्टी. कमी सांगणारी ओळ धरू नका. पण मराठी भागात शब्द गळलेत असं दिसलं, तर आकडेही एकदा दोन्हीकडचे ताडून बघा. घडीवर छपाई उडालीय म्हणालात, तिथेच मात्रेचा तक्ता असतो. तिथे फरक निघाला तर पुडीवरच्या कंपनीच्या नंबरला आणि कृषी सहायकाला, दोघांनाही विचारा, मगच कागद लावा.

गोदाकाठ

आणि पीक लहान असतानाच्या पाण्याचंही त्याच फोनमध्ये विचारून इथे टाका. मला अजून पटलेलं नाही.

शिवारफेरी

ताडून बघितलं. तक्त्यात कापसाचे आकडे दोन्हीकडे एकच आहेत. भेंडीच्या ओळीत मराठीत दिवसांचा आकडा घडीत गेलाय, इंग्रजीत ५ आहे. भेंडी बांधावर आहे आमच्या, दोन-तीन दिवसांनी तोडा होतो.

भाषांतरी

मग तिची वेगळी ओळ करा, आणि तिथे "वेचू" नाही, "तोडू". मात्रा भेंडीच्या ओळीतलीच घ्या, कापसाची नको. आणि कपाशीवर मारताना बांधावरच्या भेंडीवर फवारा उडाला, तर तिचेही दिवस त्याच दिवसापासून मोजायचे.

शिवारफेरी

भेंडीला १३५ ते १७० ग्रॅम आहे, पाणी ५०० च. सक्रिय घटक ६.७५ ते ८.५. ताळा बसतोय.